‘पाणी’चं ‘पण’ झालं तेव्हा: वसतिगृहांच्या पाहणीतलं भरताड काढताना

एका शैक्षणिक संस्थेच्या सहा वसतिगृहांमधल्या मुलांकडून ऑनलाइन फॉर्म भरून घेतले होते. एकूण ८०० फॉर्म आले आणि त्यांतून मुद्दे मोजून द्यायचं काम आमच्या छोट्याशा ऑफिसकडे आलं. संस्थेचं आणि वसतिगृहांचं नाव इथे देत नाही. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडेही गोल आणि उदाहरणापुरते घेतले आहेत. त्यांवरून कुणी महाराष्ट्रातल्या वसतिगृहांबद्दल मत बनवू नये. घोळ मात्र असाच झाला होता आणि याच क्रमाने उलगडला.

फॉर्ममधले बहुतेक प्रश्न गोल टिकवायचे होते. लिहून उत्तर द्यायचे प्रश्न तीनच.

प्रश्न ७: वसतिगृहात राहताना काही अडचण येते का? असल्यास लिहा.
प्रश्न ८: मेसमधलं जेवण पोटभर मिळतं का? कारण लिहा.
प्रश्न ९: तुम्हाला कोणता एक बदल हवा आहे?

या तिन्हींवर लाल चांदणी होती, म्हणजे उत्तर लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. ज्याला काही सांगायचं नाही, किंवा ज्याला जेवायला पळायचंय, तो अशा चौकटीत काय लिहिणार? `nnn`, `.`, `....`, `-`, `na`, `NA`, `nil`, `ok`, `asdf`, `1`, एखादा अंगठा. सरकारी कागद पाहिलेल्या एक-दोघांनी तर चक्क ‘निरंक’ लिहिलं होतं. ऑफिसात आम्ही या सगळ्याला ‘भरताड’ म्हणतो. भरताड काढल्याशिवाय मोजलं, तर सर्वांत जास्त आलेला शब्द `nnn` निघतो आणि अहवाल वाचणारा हसतो.

भरताड काढायला हवं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. गडबड ते काढण्यातच झाली.

पहिली सफाई

माझ्या तरुण सहकाऱ्याने हे काम एका दुपारी उरकलं. त्याने केलेल्या तीन गोष्टी कुणालाही सुचतील अशाच होत्या. नुसते टिंब आणि रेघा जाव्यात म्हणून त्याने सगळ्या उत्तरांतली विरामचिन्हं पुसली. `nnn`, `ok` असली उत्तरं जावीत म्हणून मूळ उत्तराची लांबी मोजून चारपेक्षा कमी अक्षरांची उत्तरं वगळली. आणि `nahi`, ‘नाही’, ‘ठीक’, `same` अशा शब्दांची यादी करून त्यांना जुळणारी उत्तरं काढून टाकली. ८०० पैकी ४०० उत्तरं उरली. मग त्याने शब्दांवरून मुद्दे मोजले. एकच बदल विचारला होता, त्यामुळे एका उत्तराला एकच मुद्दा.

प्रश्न ९ चा निकाल असा आला: मेस १२० (३० टक्के), वायफाय ८४ (२१ टक्के), पाणी ४८ (१२ टक्के) आणि ‘इतर’ १४८ (३७ टक्के).

मी दोन ठिकाणी अडखळले. पहिलं ठिकाण म्हणजे ‘इतर’. उत्तरं छोटी असताना आणि प्रश्न एकच बदल विचारत असताना ‘इतर’ सगळ्यांत मोठं निघालं, तर मुलं विचित्र आहेत असं मी मानत नाही, आपली चाळणी फाटली आहे असं मानते. दुसरं ठिकाण म्हणजे पाणी. मार्चमध्ये फॉर्म भरून घेतलेत आणि पाणी तिसऱ्या नंबरावर? मी स्वतः वसतिगृहात राहिले आहे. पटेना.

‘इतर’मधली उत्तरं उघडली, तर त्यांत ‘गरम पण’, ‘पण सकळ यत नह’ असली वाक्यं होती. सहकारी म्हणाला, “ताई, पोरं मोबाइलवर घाईत टाइप करतात, काना-मात्रा गाळतात. मीसुद्धा शब्दसंग्रहात ‘जवण’ आणि ‘मस’ घालून घेतलेत, नाहीतर मेसची उत्तरं धरली जात नव्हती.”

मुलं घाईत लिहितात हे खरं, पण काना, मात्रा, वेलांटी आणि उकार सगळंच गाळून कुणी लिहीत नाही. मूळ फाइल उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, ‘पाणी सकाळी येत नाही’.

मात्रा कुठे गेल्या

विरामचिन्हं पुसायची ती ओळ ही होती:

```python
import re
re.sub(r'[^\w\s]', '', 'पाणी')   # 'पण'
```

या ओळीचा अर्थ असा, की जे अक्षर नाही, आकडा नाही आणि मोकळी जागाही नाही, ते पुसून टाक. इंग्रजीत हे चालतं. देवनागरीत पायथॉनचं `\w` फक्त मूळ अक्षरांना अक्षर मानतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडमध्ये अक्षरं नसून अक्षराला जोडायची चिन्हं आहेत, त्यांचा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे टिंब आणि रेघा पुसणारी ही ओळ मात्राही पुसते. ‘जेवण’चं ‘जवण’ होतं, ‘पंखा’चं ‘पख’ होतं, ‘आंघोळ’चं ‘आघळ’ होतं.

यातल्या बहुतेक शब्दांची मोडतोड डोळ्यांना दिसते. ‘जवण’ दिसलं म्हणून तर सहकाऱ्याने ते शब्दसंग्रहात घातलं. (रोगाचं नाव न विचारता लक्षणावर मलम लावलं, पण निदान लक्षण तरी दिसलं.) ‘पाणी’चं मात्र ‘पण’ झालं, आणि ‘पण’ हा मराठीतला धडधाकट शब्द आहे. शिवाय ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ असे शब्द मोजणीतून आधीच वगळलेले असतात. त्यामुळे ‘पाणी’ आधी ‘पण’ झालं आणि मग बिनमहत्त्वाचा शब्द म्हणून बाजूला पडलं. कुठेही एरर आली नाही. रोमनमध्ये `pani` किंवा `water` लिहिणारे ४८ जण तेवढे वाचले. देवनागरीत लिहिलेली ९२ उत्तरं ‘इतर’मध्ये जाऊन बसली होती.

म्हणजे एकट्या टिंबांना हाकलायला काढलेल्या फडक्याने त्या पाहणीतली सगळ्यांत मोठी तक्रार पुसली. आणि ती पुसली गेली फक्त देवनागरीत लिहिणाऱ्यांची. कोणती मुलं देवनागरीत लिहितात आणि कोणती रोमनमध्ये, यातही गाव, शाळा आणि फोनचा फरक असतो. तेव्हा ही चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही.

लांबीच्या नियमाचंही तसंच झालं. `nnn` तीन अक्षरांचं, म्हणून चारपेक्षा कमी काढा. पण ‘डास’ किती अक्षरांचं? ड, काना, स, म्हणजे संगणकाच्या हिशेबात तीन. ‘वीज’ तीन. ‘बस’ दोन. ‘नळ’ दोन. एक बदल विचारल्यावर ‘डास’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याला ‘डासांचा बंदोबस्त करावा’ असं लिहिण्याची गरज नाही, आणि मोबाइलवर ते कुणी लिहिणारही नाही. अशी ६० खरीखुरी उत्तरं लांबीच्या नियमाने गेली होती, त्यांत १४ ‘नळ’ होते.

तिसरी गोष्ट अगदी बारीक होती, पण पकडायला सोपी. फाइल वाचल्यावर प्रश्न ९ ची भरलेली उत्तरं ७८० दिसत होती, २० रिकामी. लाल चांदणीच्या प्रश्नाला रिकामं उत्तर येऊच शकत नाही, मग ही २० आली कुठून? पांडाज ही लायब्ररी फाइल वाचतानाच `NA`, `N/A`, `null` अशा काही मजकुरांना आपणहून ‘उत्तर नाही’ समजते. छोट्या अक्षरांतलं `na` किंवा `nil` मात्र ती तसंच ठेवते. म्हणजे तेच भरताड, पण मोठ्या अक्षरांत लिहिलं तर एका डब्यात आणि छोट्या अक्षरांत लिहिलं तर दुसऱ्या. इथे आकड्यांवर परिणाम झाला नाही, कारण शेवटी दोन्ही भरताडच. पण भरताड कुणी आणि किती लिहिलं हेच शोधायचं असेल (आम्हाला ते पुढे शोधावं लागलंच), तर ही २० हरवून चालत नाहीत. फाइल वाचताना `dtype=str, keep_default_na=False` दिलं की सगळं जसंच्या तसं येतं.

दुसऱ्यांदा, पुसण्याऐवजी खूण

या वेळी एकच गोष्ट ठरवून बसलो. मूळ उत्तराच्या रकान्याला हात लावायचा नाही आणि एकही ओळ काढायची नाही. शेजारी दोन रकाने करायचे, एक ‘किल्ली’चा आणि एक ‘खुणे’चा.

किल्ली म्हणजे उत्तराचं सारखं करून घेतलेलं रूप, फक्त एकसारखी उत्तरं एकत्र यावीत म्हणून:

```python
import re, unicodedata as u

def key(s):
    s = u.normalize('NFKC', s).casefold()
    s = re.sub('[\u200b-\u200d\ufeff]', '', s)
    return ' '.join(s.split())

def has_text(s):
    return any(u.category(c)[0] in 'LN' for c in s)
```

पहिल्या फंक्शनने `Nnn` आणि `nnn` एक होतात, ‘…’ हे एकसंध चिन्ह तीन सुट्या टिंबांसारखं होतं आणि मोबाइलच्या कीबोर्डवरून किंवा कॉपी-पेस्टमधून येणारी न दिसणारी चिन्हं जातात. ही न दिसणारी चिन्हं फार छळतात. नजरेला रिकामं दिसणारं उत्तर संगणकाला एका अक्षराचं वाटतं. मात्र मराठीत त्यांपैकी एकाला काम आहे. काही कीबोर्ड ‘दुसऱ्या’मधला अर्धा र त्याच्याच आधाराने काढतात. म्हणून ती फक्त किल्लीतून काढायची, मूळ उत्तरातून कधीच नाही.

दुसरं फंक्शन विरामचिन्हं पुसत नाही, नुसतं विचारतं: या आख्ख्या उत्तरात एक तरी अक्षर किंवा आकडा आहे का? नसेल तर ते `.`, `---`, `!!` यांपैकी काहीतरी किंवा इमोजी असणार. ‘पाणी’मध्ये प आणि ण आहेत, मग काना-वेलांटीला काय म्हणतात याच्याशी देणंघेणं उरत नाही. एकाच चिन्हाच्या माळेसाठी, म्हणजे `nnn`, `1111` यांच्यासाठी, `re.fullmatch(r'(.)\1*', k)` पुरतं.

पण या दोन्ही चाचण्यांतून थेट निर्णय घेतला नाही. त्यांनी फक्त संशयितांना रांगेत पुढे आणलं. मग प्रत्येक प्रश्नाच्या किल्ल्या आणि त्या किती वेळा आल्या याची उतरती यादी छापली आणि दोघांनी पेन घेऊन ती वाचली. ८०० उत्तरं म्हटली की माणूस दचकतो, पण भरताडात कल्पकता नसते. तीच ती उत्तरं पुन्हा पुन्हा येतात. प्रश्न ९ मधलं सगळं भरताड पस्तीसेक किल्ल्यांत मावलं. पहिल्या अर्ध्या पानातच त्यातलं बहुतेक संपलं आणि पुढे एकेकदा आलेली लांब, खरी उत्तरं सुरू झाली. हाताने वाचायला एक दुपार लागली. पहिल्या सफाईलाही एक दुपारच लागली होती.

या वाचनात `"` असं एक उत्तर सापडलं. नुसतं अवतरणचिन्ह, अक्षर नाही, आकडा नाही, चाचणीच्या मते उघड भरताड. पण वहीत वरचाच मजकूर खाली पुन्हा लिहायचा नसेल तेव्हा आपण काय करतो? दोन रेघा मारतो. त्याच मुलाचं प्रश्न ८ चं उत्तर होतं, ‘भाजी रोज तीच, चपात्या कच्च्या’. म्हणजे प्रश्न ९ मध्ये तो म्हणत होता, तेच की, वर लिहिलंय ना! असे ‘वरीलप्रमाणे’, `same`, ‘सेम’, ‘वर सांगितलं’ मिळून ३० निघाले. पहिल्या सफाईत हे सगळे कचऱ्यात गेले होते. आम्ही त्यांना ‘संदर्भ’ अशी खूण केली आणि वरचं उत्तर वाचून मुद्दा दिला. २६ जणांचा मुद्दा लागला: मेस १२, पाणी ८, वायफाय ६. उरलेल्या चौघांच्या वरच्या उत्तरातही काही नव्हतं, त्यांना ‘संशयित’ या खुणेखाली टाकलं, ती खूण पुढे येते.

एका ‘नाही’चे तीन अर्थ

सगळ्यात जास्त वाद ‘नाही’वर झाला. सहकाऱ्याच्या यादीत ‘नाही’ सरसकट भरताड होतं. आता प्रश्न पुन्हा वाचा. ‘काही अडचण येते का?’ याला ‘नाही’ म्हणजे अडचण नाही. हे पूर्ण उत्तर आहे आणि ते वसतिगृहाच्या बाजूचं आहे. ‘जेवण पोटभर मिळतं का?’ याला ‘नाही’ ही थेट तक्रार आहे, आणि तीही पोटाची. ‘कोणता बदल हवा?’ याला ‘नाही’ म्हणजे बहुधा बदल नको, किंवा कदाचित मला लिहायचंच नाही. शब्द तोच, पण एकदा समाधान, एकदा तक्रार आणि एकदा धूसर. तो भरताड म्हणून काढला तर प्रश्न ७ मध्ये वसतिगृहं वाईट दिसतात आणि प्रश्न ८ मध्ये चांगली. ही चूक एका दिशेने असती तर निदान अंदाज तरी बांधता आला असता.

म्हणून खूण किल्लीला नाही, तर प्रश्न आणि किल्ली या जोडीला द्यायची असं ठरलं. आमच्या तक्त्यात ‘नाही’ तीन वेळा आहे आणि तिन्ही वेळा वेगळ्या खुणेने.

तरी एक पेच उरला. ४० मुलांनी तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ लिहिलं होतं. शब्दशः घेतलं तर त्यांचं म्हणणं असं होतं: अडचण नाही, जेवण पोटभर मिळत नाही, बदल नको. उपाशी राहून समाधानी असणारी चाळीस मुलं मला काही पटली नाहीत. फॉर्ममध्ये मेसला १ ते ५ गुण द्यायचा एक टिकवायचा प्रश्न होता, त्याच्याशी ताडून पाहिलं. फक्त प्रश्न ८ ला ‘नाही’ लिहिणाऱ्यांनी मेसला बहुतेक १ किंवा २ गुण दिले होते. तिन्हींना ‘नाही’ लिहिणाऱ्यांचे गुण विखुरलेले होते आणि बरेचसे ४-५ कडे झुकलेले. म्हणजे दुसऱ्या गटाचं ‘नाही’ हे जेवणाबद्दलचं नव्हतं, चौकट भरण्यापुरतं होतं. तरीही ते भरताडच आहे अशी खात्री एकेका मुलाबद्दल देता येत नाही. त्यांना वेगळी खूण दिली, ‘संशयित’.

सहकाऱ्याला हे रुचलं नाही. “ताई, एवढा संशय धरत बसलो तर अहवाल कधी देणार?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. संशयितांचा डबा फुगला तर तो निर्णय टाळण्याची जागा बनतो. आम्ही एक नियम केला: संशयित म्हणायचं तर त्याच मुलाच्या दुसऱ्या कुठल्यातरी उत्तराशी विसंगती दाखवता आली पाहिजे, किंवा दोघांचं वाचन वेगळं पडलं पाहिजे. नुसतं ‘वाटतंय’ चालणार नाही. त्या नियमात या ४० आणि आधीच्या चौघांशिवाय प्रश्न ९ मध्ये आणखी दहाच बसले. एकाने नुसतं ‘५’ लिहिलं होतं. पाच नंबरची खोली, पाच गुण, की आपलं काहीतरी, देव जाणे.

हिशेब

प्रश्न ९ ची ८०० उत्तरं शेवटी अशी विभागली: मुद्दा असलेली ४८६, ‘बदल नको, ठीक आहे’ अशी ९०, भरताड १७० आणि संशयित ५४. ‘निरंक’ आम्ही ‘बदल नको’मध्ये धरलं. ज्याला तो शब्द माहीत आहे, त्याने तो समजून लिहिला असणार.

पाणी ४८ वरून १६२ वर गेलं. ४८ रोमनमधली, ९२ ‘पण’ झालेली, १४ ‘नळ’ आणि ८ ‘वरीलप्रमाणे’वाली. मेस १३२, वायफाय ९०. तिसऱ्या नंबरवरचं पाणी पहिलं आलं.

पण १६२ म्हणजे किती टक्के? मुद्दा लिहिणाऱ्या ४८६ मध्ये ३३ टक्के. मुद्दा लिहिणारे आणि ‘बदल नको’ म्हणणारे मिळून ५७६ जणांनी मत दिलं, त्यांच्यात २८ टक्के. फॉर्म भरणाऱ्या सगळ्या ८०० मध्ये २० टक्के. तिन्ही आकडे बरोबर आहेत. अहवालात नुसतं ‘३३ टक्के मुलांना पाण्याची सुधारणा हवी’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं ८०० पैकी ३३ टक्के, आणि ते खोटं ठरतं. भरताड फाइलमधून उडवून टाकलं की हा भागाकार आपोआप छोट्या संख्येने होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही मुख्य आकडा ५७६ वर दिला, कारण ‘बदल नको’ हेही मतच आहे, आणि शेजारी १६२ ही मूळ संख्या ठेवली. संशयित ५४ जणांना ‘बदल नको’मध्ये धरलं तर २८ चे २६ होतात. क्रम बदलत नाही. तेही एका ओळीत लिहिलं.

भरताड कुठून आलं

ओळी काढल्या नव्हत्या, म्हणून आणखी एक गोष्ट करता आली. १७० भरताड उत्तरं वसतिगृहांप्रमाणे मोजली. पाच वसतिगृहांत ६७० फॉर्ममध्ये ७४, म्हणजे साधारण नवात एक. सहाव्यात १३० फॉर्ममध्ये ९६. जवळपास तीन चतुर्थांश.

पहिल्या सफाईत हे वसतिगृह अहवालातून जवळजवळ गायब झालं होतं आणि ‘सहा वसतिगृहांची पाहणी’ हे शीर्षक तसंच होतं.

फॉर्म पाठवल्याची वेळ प्रत्येक ओळीत असते. त्या ९६ ओळी एकाच संध्याकाळी, पाऊण तासाच्या आत आल्या होत्या, एकामागून एक, साधारण अर्ध्या मिनिटाच्या अंतराने. बाकीच्या वसतिगृहांत फॉर्म चार-पाच दिवसांत विखुरलेले होते. तिथल्या गृहपालांना फोन केला. त्यांनी काही लपवलं नाही. “मॅडम, इकडे रेंज नाही. शेवटची तारीख आली, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रांग लावून भरून घेतले.” त्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड आहे का, असं विचारलं. नव्हता. मागे रांग, समोर इंग्रजी कीबोर्ड आणि चांदणीची चौकट. `n` दाबून धरला की झालं.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असं वाटलं होतं. पण नंतर तिथल्या एका मुलाशी बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, सर खुर्चीच्या मागेच उभे होते. मी पाणी नाही असं कसं लिहिणार?”

सर्वेक्षणशास्त्रात जॉन क्रॉस्निक यांनी १९९१ मध्ये मांडलेली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. प्रश्न अवघड असला, उत्तर देण्याची क्षमता कमी पडली किंवा उत्तर देण्याची इच्छाच नसली, की माणूस वेळ मारून नेतो. या वसतिगृहात टाइप करणं अवघड होतं आणि मागे रांग असल्याने इच्छा उरली नव्हती. पण त्या मुलाने सांगितलेलं कारण या कुठल्याच खान्यात नीट बसत नाही. त्याला सांगायचं होतं आणि सांगताही आलं असतं. त्याचा `nnn` आळसाचा नव्हता. किल्लीकडे पाहून हे कळणं शक्य नाही. ते वेळेच्या रकान्यातून आणि फोनवरून कळलं.

त्या ९६ जणांच्या मनात पाणीच असेल असं धरून आकडा वाढवणं हीदेखील बनवाबनवीच झाली असती. आम्ही अहवालात ते वसतिगृह वेगळं काढलं आणि लिहिलं, की तिथल्या फॉर्म भरून घेण्याच्या पद्धतीमुळे लेखी प्रश्नांवरून तिथल्या मुलांबद्दल काही सांगता येत नाही. टिकवायच्या प्रश्नांची उत्तरंही त्याच खुर्चीवर बसून दिली होती, म्हणून तीही याच इशाऱ्याखाली आली. संस्थेला हे वाक्य आवडलं नाही. ते राहिलं.

पुढच्या फेरीसाठी फॉर्म बदलला. प्रश्न ७ आणि ८ चे प्रत्येकी दोन तुकडे केले: आधी हो किंवा नाही टिकवायचं, मग लिहायचं. लिहायच्या चौकटीवरची चांदणी काढली आणि खाली ‘सांगण्यासारखं काही नाही’ आणि ‘लिहायचं नाही’ असे दोन वेगळे पर्याय ठेवले. कमीत कमी वीस अक्षरं हवीत अशी अट घालावी, म्हणजे लोक नीट लिहितील, असं संस्थेतल्या एकांनी सुचवलं होतं. तसं केलं असतं तर वीस `n` आले असते. सहाव्या वसतिगृहात कागदाच्या चिठ्ठ्या आणि कुलूप लावलेली पेटी गेली. चिठ्ठ्या उघडायच्या आमच्या ऑफिसात.

सहकाऱ्याने त्याची ती जुनी ओळ अजून जपून ठेवली आहे. नवीन कुणी कामावर आलं की तो त्याला ती चालवायला लावतो आणि विचारतो, “यात काय चुकलं, सांग.” निम्म्या जणांना ‘पण’ दिसतच नाही.